लाट वळते कशी, आणि परतते कधी

पावसाळ्यात कोकणच्या समुद्रावर वारा बहुतेक वेळा नैऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो आणि लाटाही त्याच बाजूने येतात. किनाऱ्याच्या रेषेशी त्यांची दिशा बऱ्याचदा तिरपी असते. तरीही गुहागरच्या किंवा काशीदच्या वाळूवर उभे राहून पाहिले, तर फुटणारी लाट किनाऱ्याला जवळजवळ समांतर आलेली दिसते. लाट खोल पाण्यात तिरकी होती आणि उथळ पाण्यात सरळ झाली. वाटेत तिला कोणी ढकलले नाही, फक्त तिचा वेग कमी झाला. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वळतो तोही याच कारणाने. शाळेत प्रकाशाचे अपवर्तन शिकताना सूत्र आधी येते आणि कारण बहुधा येतच नाही. इथे उलट क्रमाने जाऊ: आधी लाट, मग कारण, आणि सूत्र त्यातून आपोआप.

किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. खोली मीटरमध्ये घ्यायची, तिला ९.८ ने गुणायचे आणि वर्गमूळ काढायचे, की वेग सेकंदाला किती मीटर ते मिळते. चार मीटर खोल पाण्यात तो सुमारे ६.३ येतो आणि एक मीटर खोल पाण्यात सुमारे ३.१, म्हणजे निम्मा. आता तिरक्या आलेल्या लाटेचा लांबलचक माथा डोळ्यासमोर आणा. त्याचे किनाऱ्याकडचे टोक आधी उथळ पाण्यात शिरते आणि तिथेच मंदावते. दुसरे टोक अजून खोल पाण्यात असते आणि जुन्याच वेगाने पुढे सरकत राहते. मागे असलेले टोक पुढच्या टोकाला गाठू लागते, माथ्याची रेषा फिरते आणि किनाऱ्याशी असलेला तिचा कोन लहान होतो.

या फिरण्यामागे दोन साध्या अटी आहेत. पहिली अट मोजणीची. एका मिनिटात खोल पाण्यातून जितके माथे सीमेवर येतील, तितकेच पलीकडे गेले पाहिजेत, कारण सीमेवर माथे साठून राहू शकत नाहीत आणि नवे तयारही होत नाहीत. त्यामुळे लाटांची वारंवारता बदलत नाही. वेग निम्मा झाला, तर दोन माथ्यांमधले अंतर, म्हणजे तरंगलांबी, निम्मी होते. दुसरी अट सलगपणाची. खोल पाण्यातला माथा आणि उथळ पाण्यातला माथा हे एकाच रेषेचे दोन तुकडे आहेत. रेषा सीमेवर मोडलेली दिसेल, पण तुटलेली असणार नाही. दोन्ही तुकडे ज्या बिंदूत मिळतात तो बिंदू लाट पुढे येईल तसा सीमेवरून घसरत जातो. या घसरत्या बिंदूकडे लक्ष ठेवा. अपवर्तनाचा नियमही त्यातून निघतो आणि पूर्ण आंतरिक परावर्तनही.

प्रकाशाकडे वळताना 'तरंगाग्र' हा एकच नवा शब्द लागतो. लाटेच्या एका माथ्यावरचे सगळे बिंदू जोडणारी रेषा म्हणजे तरंगाग्र. प्रकाश तीन दिशांत पसरतो म्हणून तिथे ती रेषा नसून पृष्ठभाग असतो, पण कागदावर काढताना रेषा पुरते. आपण ज्याला किरण म्हणतो तो तरंगाग्राला काटकोनात असतो. किरण ही आपण सोयीसाठी काढलेली दिशा आहे. खरोखर पुढे सरकते ते तरंगाग्र.

तरंगाग्र पुढे कसे सरकते, याची रीत नेदरलँड्सचे क्रिस्तियान हायगेन्स यांनी सांगितली. त्यांचा प्रकाशावरचा ग्रंथ १६९० साली प्रसिद्ध झाला. तरंगाग्राच्या प्रत्येक बिंदूला एका छोट्या गोल तरंगाचा उगम माना. ठरावीक वेळात हे सगळे छोटे तरंग आपापल्या वेगाने फुगतात, आणि त्या सर्वांना एकाच वेळी स्पर्श करणारी रेषा हे नवे तरंगाग्र. त्या रेषेवर सगळे छोटे तरंग एकाच ठेक्यात येतात आणि एकमेकांना बळ देतात. बाकीच्या जागी त्यांचा मेळ बसत नाही आणि ते एकमेकांना पुसून टाकतात. या पुसले जाण्याचा नीट हिशेब हायगेन्स यांच्यानंतर सव्वाशे वर्षांनी फ्रान्सच्या फ्रेनेल यांनी मांडला, पण आकृती हायगेन्स यांचीच राहिली.

ती आकृती आता वहीत काढायची. पट्टी, कंपास आणि कोनमापक घ्या. दहा सेंटिमीटरची आडवी रेषा काढा. डाव्या टोकाला 'अ' म्हणा, उजव्या टोकाला 'क'. ही पाण्याची पातळी. वर हवा, खाली पाणी. प्रकाश डावीकडून वरून तिरका येतो आहे. 'अ' पासून वरच्या बाजूला ४५ अंशांची रेषा काढा आणि 'क' पासून तिच्यावर लंब टाका. लंब जिथे पडतो तो बिंदू 'ब'. आता 'अब' हे हवेतले तरंगाग्र झाले. त्याचे 'अ' हे टोक पाण्याला आत्ताच टेकले आहे आणि 'ब' हे टोक अजून हवेत आहे. 'ब' ला पाण्यापर्यंत पोचायला 'बक' एवढे अंतर जायचे आहे. पट्टीने मोजा, ते ७.०७ सेंटिमीटर येईल, कारण १० ला ४५ अंशांच्या साइनने गुणले की तेच मिळते.

'ब' पासून 'क' पर्यंत जायला प्रकाशाला सेकंदाच्या एक अब्जांश भागाचाही चतुर्थांशच लागतो. पण तेवढ्या वेळात 'अ' पासून निघालेला छोटा तरंग पाण्यात फुगत असतो. हवेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर आणि पाण्यात सुमारे सव्वादोन लाख, म्हणजे पाऊणपट. म्हणून हवेत ७.०७ सेंटिमीटर होतात तेव्हा पाण्यात ५.३ सेंटिमीटरच होतात. कंपासमध्ये ५.३ सेंटिमीटर घ्या, टोक 'अ' वर ठेवा आणि रेषेच्या खाली अर्धवर्तुळ काढा. मग 'क' पासून त्या अर्धवर्तुळाला स्पर्शिका काढा. ती जिथे टेकते त्याला 'ड' म्हणा. 'कड' हे पाण्यातले नवे तरंगाग्र आणि 'अड' ही प्रकाशाची नवी दिशा. 'क' जवळचा कोन कोनमापकाने मोजला तर ३२ अंश येईल. ४५ चे ३२ झाले, प्रकाश आत वळला.

इथे एक शंका येते. स्पर्शिका फक्त 'अ' च्या तरंगाला टेकते. मधल्या बिंदूंचे काय? 'अक' चा मध्यबिंदू घ्या. तिथे तरंगाग्र अर्ध्या वेळाने पोचते, म्हणून त्याच्या तरंगाला फुगायला अर्धाच वेळ मिळतो आणि त्रिज्या २.६५ सेंटिमीटर होते. हेही अर्धवर्तुळ काढून पाहा, तीच स्पर्शिका त्यालाही टेकते. पाव अंतरावरचा बिंदू घ्या, पाऊण अंतरावरचा घ्या, प्रत्येकाचा तरंग त्याच एका रेषेला टेकलेला मिळेल. म्हणूनच पाण्यातले तरंगाग्रही सरळ राहते. ही आकृती एकदा हाताने काढलेली असावी असे मला मनापासून वाटते; छापील आकृती पाहून हा मेळ जाणवत नाही.

सूत्र आता दोन ओळींत येते. 'अबक' या काटकोन त्रिकोणात 'बक' भागिले 'अक' म्हणजे आपाती कोनाची साइन. 'अडक' या काटकोन त्रिकोणात 'अड' भागिले 'अक' म्हणजे अपवर्ती कोनाची साइन. दोन्हींमध्ये 'अक' तेच आहे. आणि 'बक' व 'अड' ही अंतरे एकाच वेळात कापलेली आहेत, म्हणून त्यांचे गुणोत्तर हे वेगांचे गुणोत्तर. तेव्हा

sin i / sin r = v1 / v2

पुस्तकात हे कोन किरण आणि स्तंभिका यांच्यातले म्हणून दिलेले असतात. आपण ते तरंगाग्र आणि पृष्ठभाग यांच्यातले घेतले. किरण तरंगाग्राला लंब आणि स्तंभिका पृष्ठभागाला लंब, त्यामुळे दोन्ही कोन सारखेच. हवेच्या बाबतीत v1 भागिले v2 या संख्येला आपण पाण्याचा अपवर्तनांक म्हणतो. तो १.३३ आहे, म्हणजे पाण्यात प्रकाश हवेपेक्षा १.३३ पट हळू जातो. साध्या काचेचा सुमारे १.५, हिऱ्याचा २.४२. नेदरलँड्सचे स्नेल यांना हा नियम १६२१ च्या सुमारास मोजमापातून सापडला होता, पण त्यांनी तो छापला नाही. १६३७ साली फ्रान्सच्या देकार्त यांनी तो प्रसिद्ध केला. त्यांच्याही सहाशेपेक्षा जास्त वर्षे आधी बगदादच्या इब्न सह्ल यांच्या हस्तलिखितात तो भूमितीच्या रूपात आलेला आहे.

पाण्यात प्रकाश हळू का जातो, हेही थोडक्यात सांगायला हवे. येणारा प्रकाश पाण्याच्या रेणूंमधल्या इलेक्ट्रॉनांना हलवतो. ते त्याच वारंवारतेने हलतात आणि स्वतःचा तरंग सोडतात, पण थोडा मागे रेंगाळलेला. मूळ तरंग आणि हे रेंगाळलेले तरंग मिळून जो तरंग बनतो, त्याचे माथे हळू पुढे सरकतात. वारंवारता मात्र तीच राहते. म्हणून ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाची तरंगलांबी पाण्यात सुमारे ४८९ नॅनोमीटर झाली तरी पोहणाऱ्याला तळाशी पडलेली लाल वस्तू निळसर दिसू लागत नाही. डोळ्याला रंग जाणवतो तो वारंवारतेमुळे.

आता इतिहासातली एक खरी अडचण. नियम तंतोतंत जुळला म्हणून त्यामागचे कारणही सिद्ध झाले, असे होत नाही. न्यूटन प्रकाशाला कणांचा झोत मानत. त्यांच्या मते पाण्याच्या पृष्ठभागाशी आलेल्या कणाला पाणी आत ओढते. पृष्ठभागाला समांतर असलेला त्याचा वेग बदलत नाही, लंब दिशेचा वाढतो, आणि म्हणून कण स्तंभिकेकडे वळतो. यातूनही कोनांच्या साइनचे गुणोत्तर स्थिरच येते, अगदी तोच नियम. फरक एकाच ठिकाणी आहे: या हिशेबात वेग उलटे बसतात. प्रकाश पाण्यात आत वळण्यासाठी कणाला पाण्यात जास्त वेगाने जावे लागते, १.३३ पट, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ लाख किलोमीटर. हायगेन्स यांच्या आकृतीप्रमाणे तो सव्वादोन लाख हवा. कोन कितीही बारकाईने मोजले तरी या दोघांत निवड होऊ शकत नाही. पाण्यातला वेगच तपासावा लागतो.

ती तपासणी १८५० साली पॅरिसमध्ये लेआँ फूको यांनी केली. प्रकाशाची एक शलाका अतिवेगाने फिरणाऱ्या आरशावर टाकायची. तिथून ती दूरच्या स्थिर आरशाकडे जाते आणि परतते. परत येईपर्यंत फिरता आरसा किंचित वळलेला असतो, म्हणून परतलेली शलाका मूळ जागेपासून थोडी सरकलेली दिसते. प्रवासाला जितका जास्त वेळ, तितकी ती जास्त सरकते. फूको यांनी अशा दोन वाटा ठेवल्या, एक निव्वळ हवेतून आणि दुसरी पाण्याने भरलेल्या तीन मीटर लांब नळीतून. तीन मीटर जाऊन परत यायला हवेत सेकंदाचे २० अब्जांश लागतात. न्यूटन बरोबर असतील तर पाण्यात १५ लागायला हवेत, हायगेन्स बरोबर असतील तर जवळपास २७. इतका छोटा वेळ मोजणारे घड्याळ तेव्हा नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. दोन प्रतिमांपैकी कोणती जास्त सरकली एवढेच पाहायचे होते. पाण्यातून आलेली प्रतिमा जास्त सरकलेली निघाली. त्याच वर्षी फिझो यांनीही स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. प्रकाश पाण्यात मंदावतो हे ठरले, आणि साध्या कणांच्या कल्पनेवर अपवर्तनाची इमारत उभी राहू शकत नाही हेही ठरले.

आता आकृती उलटी करू. प्रकाश पाण्यातून वर हवेत निघाला आहे. तीच १० सेंटिमीटरची 'अक' रेषा, पण तरंगाग्र खालून येते आणि पाण्यात 'ब' ला जेवढे अंतर जायचे त्याच्या १.३३ पट अंतर 'अ' चा तरंग हवेत जातो. तरंगाग्र पृष्ठभागाशी ३२ अंशांवर असेल, तर 'बक' ५.३ आणि वरच्या वर्तुळाची त्रिज्या ७.०७. स्पर्शिका ४५ अंशांवर येते. आधीचाच मार्ग उलट्या दिशेने. आता ६० अंश घेऊन पाहा. 'बक' ८.६६ होते. हवेतली त्रिज्या त्याच्या १.३३ पट, म्हणजे ११.५५ सेंटिमीटर. कंपास 'अ' वर ठेवून वर्तुळ काढले की 'क' बिंदू त्याच्या आतच पडतो, कारण तो फक्त १० सेंटिमीटरवर आहे. वर्तुळाच्या आतल्या बिंदूतून त्या वर्तुळाला स्पर्शिका काढताच येत नाही. मध्यबिंदूचे वर्तुळ काढा, त्याची त्रिज्या ५.७७ आणि 'क' तिथून ५ वर. तेही 'क' ला पोटात घेते. सगळी वर्तुळे एकात एक बसतात आणि त्यांना एकत्र टेकणारी रेषा अस्तित्वातच नसते. हवेतले नवे तरंगाग्र बनत नाही.

सीमेवरून घसरणारा बिंदू आता आठवा. पाण्यातले तरंगाग्र 'अ' पासून 'क' पर्यंत ज्या गतीने पृष्ठभाग पुसत जाते ती गती म्हणजे पाण्यातला वेग भागिले कोनाची साइन. ६० अंशांना ती येते सेकंदाला सुमारे २ लाख ६० हजार किलोमीटर. हवेत कोणतेही तिरके तरंगाग्र असले तरी त्याचा पृष्ठभागावरचा बिंदू कमीत कमी ३ लाखांनी घसरतो. त्याहून हळू घसरणारे तरंगाग्र हवेत काढताच येत नाही. रेषा न तुटता दोन्ही बाजूंचा मेळ बसणे ही मूळ अट होती, आणि इथे तो मेळ बसूच शकत नाही. 'अ' पासून निघालेला हवेतला तरंग पाण्यातल्या तरंगाग्राच्या आधीच 'क' पलीकडे निघून गेलेला असतो. मागून येणाऱ्यांशी त्याचा ठेका जुळत नाही आणि हवेतले सगळे छोटे तरंग एकमेकांना पुसतात. पाण्यात परत फिरणाऱ्या तरंगांना मात्र काही अडचण नाही. त्यांची त्रिज्या ८.६६ च राहते, 'क' बाहेर राहतो, स्पर्शिका मिळते, तीही त्याच ६० अंशांवर. सगळी ऊर्जा परत पाण्यात जाते. हेच पूर्ण आंतरिक परावर्तन.

दोन्हींच्या मधला कोन वहीवरच सापडतो. हवेतली त्रिज्या बरोबर १० सेंटिमीटर झाली, तर वर्तुळ नेमके 'क' मधून जाते. त्यासाठी 'बक' ७.५ सेंटिमीटर हवे, म्हणजे साइन ०.७५ आणि कोन सुमारे ४८.६ अंश. हा पाण्याचा क्रांतिक कोन. काचेचा ४१.८ अंश, हिऱ्याचा फक्त २४.४ अंश. हिऱ्यात वरून शिरलेला प्रकाश मागच्या पैलूंवर बहुधा २४.४ अंशांपेक्षा जास्त तिरका आदळतो आणि बाहेर न पडता वरच्या बाजूने परततो. पैलू पाडणाऱ्याचे कोन चुकले, तर प्रकाश खालून निसटतो आणि हिरा मधोमध काळपट किंवा काचेसारखा निस्तेज दिसतो. हे परावर्तन एकदम सुरू होत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. सरळ उभ्या दिशेने पाण्यातून वर येणाऱ्या प्रकाशातला सुमारे दोन टक्के भाग परततो. कोन वाढेल तसा हा भाग वाढतो आणि क्रांतिक कोनाला पोचताच शंभर टक्के होतो. घरातल्या आरशाचा धातूचा थर थोडा प्रकाश शोषून घेतो. इथे शोषणारा थरच नसतो.

हवेत तरंगाग्र बनत नाही याचा अर्थ पृष्ठभागापलीकडे अगदी काहीच नसते, असा मात्र नाही. पृष्ठभागाला चिकटून, साधारण एका तरंगलांबीच्या आत, एक क्षीण होत जाणारी हालचाल असते. ती ऊर्जा बाहेर नेत नाही. पण तिच्या हद्दीत दुसरे माध्यम आले तर गोष्ट बदलते. काचेचा पेला पाण्याने भरा आणि वरून, पाण्याच्या पातळीतून, खाली तिरके पाहा. पेल्याची बाजू आतून चांदीसारखी चमकते आणि बाहेरून पेला धरलेली बोटे दिसत नाहीत. बोटे किंचित ओली करून काचेवर घट्ट दाबा. चमकत्या बाजूवर बोटांच्या रेषा लगेच उमटतात. जिथे कातडीची उंच रेघ काचेला खरोखर टेकली तिथे काचेपलीकडे हवा राहिली नाही, आणि परावर्तनाची अट मोडली.

बोटांचे ठसे घेणारे बरेच प्रकाशीय स्कॅनर हेच करतात. त्यात काचेच्या लोलकाच्या आतून प्रकाश सुमारे ४५ अंशांनी वरच्या पृष्ठभागावर टाकतात. काच आणि हवा यांचा क्रांतिक कोन ४१.८, म्हणून रिकाम्या काचेवरून सगळा प्रकाश परत कॅमेऱ्याकडे जातो. बोट टेकले की रेघांच्या जागी काचेपलीकडे ओलसर कातडी येते. पाण्याचाच अपवर्तनांक धरला तरी क्रांतिक कोन ६२.७ अंशांवर जातो. ४५ त्यापेक्षा कमी असल्याने तिथला प्रकाश बाहेर पडतो आणि कॅमेऱ्याला ती रेघ काळी दिसते. रेशनच्या दुकानात शेतमजुरांचा किंवा भांडी घासणाऱ्या बायकांचा अंगठा लागत नाही, त्याचे एक कारण इथे सापडते. कोरडी, खरखरीत, झिजलेली कातडी काचेला सलग टेकत नाही. मध्ये हवेची अतिशय पातळ फट राहते आणि तेवढ्यानेही परावर्तन टिकून राहते. रेघ तुटक येते. बोट फार ओले असेल तर उलटे होते: रेघांमधल्या खाचांतही पाणी भरते आणि सगळाच ठसा काळा येतो. बोट पुसून किंचित दमट ठेवून पुन्हा लावले तर बहुतेकदा काम होते, आणि दुकानदाराने माणसाला परत पाठवण्याआधी एवढे करून पाहायलाच हवे.

ऑप्टिकल फायबरमध्येही हाच प्रश्न आधी उभा राहिला. उघड्या काचतंतूत प्रकाश पूर्ण आंतरिक परावर्तनाने पुढे जातो, पण तंतू दुसऱ्या तंतूला टेकला, त्यावर तेलकट बोट किंवा धूळ लागली, की त्या जागी प्रकाश गळतो. १९५४ साली नेदरलँड्सचे फान हेल यांनी काचतंतूभोवती कमी अपवर्तनांकाचे आवरण घालण्याची कल्पना मांडली. त्याच वेळी लंडनमध्ये मोग्याचे नरिंदर सिंग कपानी आणि हॅरल्ड हॉपकिन्स यांनी तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्याचे काम प्रसिद्ध केले. आजच्या फायबरमध्ये गाभा आणि आवरण दोन्ही काचेचेच असतात आणि दूरसंचाराच्या फायबरमध्ये त्यांच्या अपवर्तनांकांतला फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. त्यामुळे क्रांतिक कोन सुमारे ८५ अंश येतो. प्रकाशाला आत राहायचे तर भिंतीला जवळजवळ समांतरच चालावे लागते. परावर्तन मात्र आतल्या सीमेवर, आवरणाच्या संरक्षणात होते आणि बाहेरच्या धुळीचा किंवा हाताचा त्याला उपद्रव होत नाही. या काचेत प्रकाशाचा वेग सुमारे २ लाख किलोमीटर असल्याने ८०० किलोमीटर लांबीच्या तारेतून संदेश जायला सेकंदाचे ४ सहस्रांश लागतात.

इतक्या थोड्या फरकावर हे सारे उभे असल्याने फायबर जास्त वाकवलेले चालत नाही. वाकलेल्या जागी तरंगाग्राचा बाहेरच्या बाजूचा भाग लांबच्या वाटेने फिरतो. आवरणात पसरलेल्या त्याच्या क्षीण शेपटीला आतल्या भागाबरोबर राहायचे तर जास्त वेगाने घसरावे लागते. वळण फार आवळले की काही अंतरावर हा लागणारा वेग आवरणातल्या प्रकाशाच्या वेगाहून जास्त होतो. मग तिथे तिरके तरंगाग्र काढता येते, आणि प्रकाश बाहेर निघून जातो. तंत्रज्ञ याचाच उपयोग करून घेतात. फायबर एका चिमट्यात जरासे वाकवून गळणारा प्रकाश पकडतात आणि ती तार चालू आहे की बंद, हे न कापता ओळखतात. घरात मात्र हीच गळती इंटरनेट अडखळण्याचे कारण ठरू शकते. साध्या फायबरला तीन सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण देऊ नये. घरी आलेली बारीक तार खिळ्याभोवती आवळून किंवा कपाटामागे दुमडून ठेवली असेल, तर ती सोडवा आणि मोठ्या सैल वेटोळ्यात ठेवा.